बाभळीवर वीज पडली, मग दहा पावलांवरची मेंढरं कशी मेली?

नान्नजचा_बागवाला
मंडळी, शंका खरी आहे, चेष्टा नको. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात आमच्या द्राक्षबागेच्या पलीकडच्या माळावर एकट्या बाभळीवर वीज पडली. खाली आणि आजूबाजूला धनगराची मेंढरं होती. चौदा मेली. झाडाला वरून खाली सालीची एक पट्टी निघालेली, बाकी झाड उभंच. बुंध्याला टेकलेली मेंढरं गेली हे समजू शकतो. पण आठ-दहा पावलांवरची चार पण गेली, आणि त्यांच्या शेजारचीच दोन-तीन धडधाकट उभी. धनगर स्वतः वीसेक पावलांवर दगडावर बसला होता. त्याच्या पायात मुंग्या आल्या, तो आडवा झाला, पण वाचला.

वीज एकच ना? मग इतक्या ठिकाणी कशी? आणि दुसरं, आमच्या इथून पक्कं घर चालत पाव तासावर आहे. माळावर असताना आभाळ भरून आलं तर माणसानं करायचं काय? आमची आजी म्हणायची, पायाळू माणूस सोबत असला की वीज ओढली जाते. आमच्या मजुरांत एक पायाळू आहे, त्याला बाकीचे पावसात जवळ येऊ देत नाहीत. बिचारा एकटाच भिजतो.

हुरडा_पार्टी
मोबाईल बघा कुणाकडं होता का. मोबाईल वीज ओढतो. मी तर ढग दिसला की फोन बंद करून खिशात टाकतो. रबरी चप्पल घातली असली तर तसं काही होत नाही म्हणतात. धनगर वाचला तो चपलेमुळं असणार.

अर्थिंगवाले_काका
हुरडा पार्टी, फोन बंद करू नका, उलट हवामानाचा इशारा त्यावरच येतो. हातातला फोन वीज ओढत नाही. वीज कुठं पडणार हे उंची, टोकदारपणा आणि आसपासचं मोकळेपण यावर बरंचसं ठरतं, धातूवर नाही. आणि चपलेचं म्हणाल, तर जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली आली ती तुमच्या बोटभर रबराला काय घाबरणार!

नान्नजकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला नोकरीतूनच माहीत आहे. आयुष्यभर सबस्टेशनच्या अर्थिंगचं काम केलं. तुमची मेंढरं झाडावर पडलेल्या विजेनं मेली नाहीत. झाडातून जमिनीत उतरून पसरलेल्या प्रवाहानं मेली.

मधल्या प्रतीच्या एका विजेत साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो, अर्थात सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता. तो बुंध्यातून खाली आला की जमिनीत चहूबाजूंनी पसरतो. जमीन काही तांब्याची तार नाही. त्यामुळे प्रवाह जाताना बुंध्याजवळचा विद्युतदाब खूप जास्त आणि दूर जाईल तसा कमी, अशी उतरण तयार होते. बुंध्याभोवती खळ्यासारखी एकात एक गोल वर्तुळं काढा. प्रत्येक वर्तुळावर दाब वेगळा. तुमचा एक पाय आतल्या वर्तुळावर आणि दुसरा बाहेरच्यावर असेल, तर दोन्हींतला फरक तुमच्या अंगातून वाहतो.

आकडा मांडून बघू. ओल्या मुरमाड जमिनीचा विजेला होणारा विरोध १०० ओहम-मीटर धरू. बुंध्यापासून १० मीटरवर माणूस चालायच्या पवित्र्यात आहे, पायांत ७० सेंटीमीटर अंतर आणि एक पाय झाडाकडं. दोन पायांतला फरक येतो सुमारे ३,१०० व्होल्ट. त्यानं पाय जुळवून उभं राहायचं ठरवलं, अंतर १० सेंटीमीटर, तर फरक ४७० व्होल्टच्या आसपास. त्याच जागी बैल असता, पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर, तर ६,२०० च्या वर. आणि माणूस ३ मीटरवर असता तर ३०,००० व्होल्ट. ३० मीटरवर तेच ३६० वर येतं.

हा हिशेब एकसारखी जमीन धरून आहे हे लक्षात ठेवा. खरी जमीन तशी नसते. मुळं, खडक, पाण्याची पाइपलाइन, काहीही आडवं येतं आणि प्रवाह तिकडं वळतो.

रिटायर्ड_मास्तर
काका, हिशेब छान. पण माझ्या वाचनाप्रमाणं वीज जमिनीतून वर जाते, ढगातून खाली येत नाही. मग ही वर्तुळं उलटी नको का?

अर्थिंगवाले_काका
मास्तर, तुम्ही अर्धं बरोबर आहात. डोळ्यांना दिसणारा तो लखलखाट खालून वर जातो, पण त्याआधी ढगातून एक अंधुक धागा खाली आलेला असतो. आणि प्रवाह कुठल्याही दिशेनं गेला तरी दोन पायांतला फरक तोच. मेंढराला दिशेचं काही नसतं.

ढगवेडी
मास्तरांच्या प्रश्नावर थोडं लिहिते, कारण ढग हा माझ्या आवडीचा विषय. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये जमीन तापलेली असते. समुद्रावरून दमट हवा आली की दुपारनंतर ती वर उसळते. साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याच्या खाली जातं, आणि उंच ढगाचा माथा १२ ते १५ किलोमीटरपर्यंत पोचतो. खरा कारखाना मधल्या थरात, उणे १० ते उणे २५ अंशांच्या आसपास. तिथं तीन गोष्टी एकत्र असतात. बर्फाचे बारीक स्फटिक, मऊ छोट्या गारा, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. वर जाणारे हलके स्फटिक आणि खाली घसरणाऱ्या गारा एकमेकांवर घासून जातात, आणि त्या टकरीत गारांवर ऋण भार राहतो, स्फटिकांवर धन. उसळती हवा स्फटिकांना माथ्याकडं नेते, गारा मधेच घुटमळतात. झालं, ढगाचा मधला भाग ऋण, वरचा धन.

म्हणून ढगात गारा तयार होत नाहीत तिथं विजाही जवळपास नसतात. श्रावणातली भुरभूर कडकडाट न करता पडते आणि वळीव करतो, त्याचं कारण हेच. श्रावणातले ढग बहुतेक शून्य अंशाच्या आसपासच थांबतात.

मग त्या ऋण भागातून धागा खाली निघतो. तो सरळ येत नाही, पन्नासेक मीटरची उडी, क्षणभर थांबा, पुन्हा उडी. फांद्या फुटत फुटत. जमिनीच्या जवळ आला की खालचं जे काही उंच आहे, झाड, खांब, माणूस, त्यातून वर छोटे छोटे धन धागे निघतात. त्यातला एक वरच्याला जाऊन भेटतो, आणि मग मास्तर म्हणतात तो लखलखाट खालून वर धावतो. शेवटची झेप पन्नासेक मीटरपासून शंभर मीटरपर्यंतची असते. ज्यांचे धागे पोचले नाहीत, ती माणसंही कधी कधी त्यानंच जखमी होतात, अंगावर वीज पडलेली नसते तरी.

एक कबूल करायला हवं, पहिली ठिणगी कशी पेटते याचं समाधानकारक उत्तर शास्त्रज्ञांकडं अजून नाही. ढगात दर मीटरला मोजलेला विद्युतदाब ठिणगी पडायला लागतो त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरतो. बर्फाच्या टोकांवर सुरुवात होते म्हणणारे एक, अवकाशातून येणारे किरण वाट करून देतात म्हणणारे दुसरे. भांडण चालू आहे.

बाळे_ते_पुणे
ते विमानातून ढगात काहीतरी पेरायचे ना आपल्याकडं? आमच्या भागात त्यानंतरच विजा वाढल्या असं सगळे म्हणतात.

ढगवेडी
पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा तो प्रयोग होता, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात, सोलापूर हे केंद्र. विमानातून ढगाच्या तळाशी मिठासारखे बारीक कण सोडायचे, थेंब मोठे व्हायला मदत व्हावी म्हणून. रडारनं ढग मोजायचे. गारांचा कारखाना तिथून बराच वर असतो. वळीव आणि विजा तुमच्या आजोबांनीही पाहिल्या असतील, विचारा त्यांना.

बाळे_ते_पुणे
आजोबा तर म्हणतात पूर्वी एवढ्या नव्हत्या. असो.

नान्नजचा_बागवाला
काका, मग शेजारचीच मेंढरं उभी कशी राहिली? तेवढंच अंतर होतं.

अर्थिंगवाले_काका
हा मला सगळ्यात आवडता भाग. मेंढराचं तोंड कुणीकडं होतं बघा. झाडाकडं तोंड किंवा शेपूट करून असेल, तर पुढचे पाय आतल्या वर्तुळावर, मागचे बाहेरच्या. पूर्ण फरक अंगातून, आणि तोही पुढून मागं, म्हणजे वाटेत काळीज. माणसाच्या बाबतीत एका पायातून दुसऱ्या पायात जातो, काळीज वरच राहतं. म्हणून धनगर आडवा झाला पण वाचला, तो २० पावलांवर होता, म्हणजे दाबही कमी. आता झाडाकडं कूस करून आडवं उभं असलेलं मेंढरू घ्या. त्याचे पुढचे आणि मागचे पाय एकाच वर्तुळाच्या आसपास, फरक जवळपास नाहीच. ते वाचतं. म्हणजे नशीब होतं, पण त्या नशिबाचा हिशेबही मांडता येतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं थोडं. यातून निघणारी सगळ्यात सोपी गोष्ट ही की माळावर एकट्या झाडाखाली थांबणं म्हणजे वर्तुळाच्या मधोमध जाऊन बसणं. पावसापासून आडोसा मिळतो खरा. पण बुंध्याच्या दोन-तीन मीटरच्या आत झाडातून सरळ तुमच्या अंगावर उडी मारण्याचीही भीती असते. जगभराच्या मृत्यूंचा अंदाज असा आहे की निम्म्याच्या आसपास जमिनीतल्या प्रवाहानं, तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास अशा बाजूच्या उडीनं जातात. थेट अंगावर पडून मरणारे शंभरात तीन ते पाच.

आणि पायाळूचं म्हणाल तर त्या मजुराला आत घ्या. पाय आधी आले की डोकं, ढगाला काही कळत नाही.

शेटफळची_सून
आमच्या गावात पुढच्या वर्षी पत्र्याचं शेड बांधायचंय खळ्यावर, मंडपासारखं, चारही बाजूंनी मोकळं. ते विजेला चालेल का? मुख्य म्हणजे शासनाची मदत मिळते का त्या धनगराला, मेंढरांची? कुणाला माहिती आहे का, तलाठ्यानं पंचनामा करायला नकार दिलाय असं ऐकलं.

रिटायर्ड_मास्तर
ताई, मदतीचं वेगळं. पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि तलाठ्याचा पंचनामा, दोन्ही लागतं, मेंढरं पुरायच्या आधी. तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या. ही गोष्ट इथं नको, वेगळा धागा काढा.

अर्थिंगवाले_काका
शेडबद्दल. मोकळ्या बाजूंचं शेड पावसाला चालेल, विजेला नाही. छतावर पडली तर खांबातून उतरते आणि खांबाशेजारी तुम्ही. पक्कं घर चालतं, कारण भिंतींमधून गेलेल्या वायरी आणि पाइप तिला बाजूनं जमिनीत नेतात. आतही नळाला, वायरच्या फोनला हात नको, भिंतीला टेकून बसू नका.

पक्क्या घराऐवजी बंद पत्र्याची गाडी चालते. छोटा हत्तीची केबिन, जीप, कार. काचा वर, हात मांडीवर, दरवाजाच्या धातूला टेकू नका. वीज पत्र्यावरून बाहेरून फिरून खाली जाते. इथं टायरचं रबर वाचवत नाही, पत्रा वाचवतो. म्हणून मोटरसायकल अजिबात नाही, आणि उघडा ट्रॅक्टर पण नाही.

नान्नजचा_बागवाला
आमच्याकडं छोटा हत्ती बांधाला उभा असतोच की! हे डोक्यात आलंच नव्हतं. बाग माळापेक्षा बरी ना पण? निदान वर मांडव आहे.

अर्थिंगवाले_काका
उलट. मांडव हीच अडचण आहे. लोखंडी अँगल आणि त्यावरून शेकडो फूट ताणलेल्या तारा. वीज बागेच्या एका टोकाला पडली तरी तारेवरून दुसऱ्या टोकाला जाते. तुमचा हात तारेवर, पाय चिखलात, म्हणजे सगळा फरक हातातून छातीतून पायात. द्राक्षबागेत वीज पडली की वेली ओळीनं वाळतात, गोलात नाही, ते याच कारणानं. तारेचं कुंपणही तसंच, कोपऱ्यावर पडलेली पलीकडच्या फाटकाला हात लावणाऱ्याला मारते. ढग गडगडला की छाटणी, विरळणी काही असू द्या, तारेवरून हात काढायचा आणि ओळीच्या बाहेर यायचं.

हुरडा_पार्टी
मग बाहेर आलो तर माळावरच ना. काय करायचं? बसायचं ना उकिडवं, पाय जुळवून, कानावर हात? शासनाच्या पत्रकातही चित्र आहे.

ढगवेडी
इथं मतभेद आहे. अमेरिकेच्या हवामान खात्यानं ती बैठक आपल्या शिफारशीतून बऱ्याच वर्षांपूर्वी काढली. त्यांचं म्हणणं, तिच्यामुळं लोकांना वाटतं बसलो म्हणजे वाचलो, आणि पळून घर गाठायचं राहतं. आपल्याकडं अजून शिकवतात.

अर्थिंगवाले_काका
मी त्या बैठकीचे दोन भाग करतो. पाय जुळवणं, याचा हिशेब वर दिलाच आहे, ३,१०० चे ४७०, हा भाग खणखणीत. उकिडवं बसून उंची निम्मी करणं, याचा फायदा मला फारसा वाटत नाही. शेवटची झेप ५०-१०० मीटरची असेल तर तुम्ही पावणेदोन मीटर उभे की पाऊण मीटर बसलेले, तिला मोठा फरक पडत नाही. आणि जमिनीवर आडवं पडणं तर सर्वांत वाईट, डोक्यापासून पायापर्यंत दीड-पावणेदोन मीटरचं अंतर पसरता तुम्ही, अगदी बैलासारखं.

रिटायर्ड_मास्तर
पण काका, उकिडवं बसलं की पाय आपोआप जुळतात. भित्र्या माणसाला "पाय जुळवून उभा राहा" म्हटलं तर तो हलतोच. मी शाळेत मुलांना उकिडवंच बसायला शिकवत होतो आणि अजून सांगेन.

अर्थिंगवाले_काका
ते तुमचं म्हणणं टाकून देण्यासारखं नाही मास्तर. फक्त मुलांना आधी हे सांगा की बसणं हा शेवटचा उपाय, धावत बंद गाडी गाठण्याच्या जागी नाही. आणि घोळक्यानं बसू नये. मध्ये पाच-दहा मीटर अंतर ठेवावं, म्हणजे एकाच वर्तुळात सगळे सापडत नाहीत, आणि कुणी पडला तर उचलायला कुणीतरी शुद्धीवर राहतो.

डॉक्टर_बार्शी
उचलण्याचं निघालं म्हणून. विजेनं पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, लगेच हात लावा. दहापैकी नऊ वाचतात. जे मरतात त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय क्षणभर थांबून आपसूक चालू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून सुन्न असतं. श्वास न मिळाल्यानं हृदय परत थांबतं. म्हणून छाती दाबणं आणि तोंडाला तोंड लावून श्वास देणं, दोन्ही करा, आणि थकलात तर हात बदला. एकावेळी चार-पाच पडले असतील, तर नेहमीच्या उलट करा. जो ओरडतोय त्याला नंतर बघा, जो निपचित पडलाय त्याच्याकडं आधी जा. १०८ ला फोन एकानं लावावा. अजूनही काही ठिकाणी शेणात नाहीतर मातीत पुरून ठेवतात, तो वेळ श्वास देण्याचा असतो.

नान्नजचा_बागवाला
धन्यवाद डॉक्टर. आता निघायची वेळ कशी ठरवायची? धनगर म्हणतो ढग लांब होता, पाऊसही नव्हता.

ढगवेडी
पाऊस नसतानाही ढगाच्या बाहेर दहा-पंधरा किलोमीटरवर वीज पडते. म्हणून पाऊस हा निकष नाही, गडगडाट हा निकष. तो साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, म्हणजे ऐकू आला की तुम्ही तिच्या टप्प्यात आलात. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर.

तुमचाच हिशेब करू. ३० सेकंद मोजले, ढग १० किलोमीटरवर. तो तासाला ३० किलोमीटरनं येतोय असं धरा, म्हणजे वीस मिनिटं. तुमचं घर पाव तासावर. माणूस पोचतो, थोडक्यात. पण धनगराच्या मेंढरांना तेच अंतर कापायला पाऊण तास लागेल, म्हणून त्यानं पहिल्या गडगडाटाची वाट बघून चालणार नाही. दुपारी फुलकोबीसारखे ढग उंच व्हायला लागले, माथा पसरट झाला, की हलायचं. आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनवर असेल तर ते आजूबाजूला पडलेल्या विजा दाखवतं, त्यात २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं आहेत. परत यायचं ते शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासानं.

शेटफळची_सून
नेटवर्क नसलं तर?

ढगवेडी
मग डोळे आणि कान. माळावर तेच खरे.

हुरडा_पार्टी
अर्धा तास कशाला, पाऊस थांबला की झालं की. ऊन पडलेलं असतं.

अर्थिंगवाले_काका
ढगाचं मागचं शेपूट अजून डोक्यावर असतं, हुरडा पार्टी. माथ्यावरच्या धन भागातून निघालेली वीज कमी वेळा पडते, पण पडली तर बहुतेक जास्त दमाची. मागच्या शेपटाखाली हीच जास्त.

नान्नजचा_बागवाला
ठरलं. छोटा हत्ती बागेच्या वरच्या फाट्यावर उभा करायचा आणि धनगराला सांगायचं की गडगडलं की त्याच्यात ये, मेंढरं सोडून. मांडवाच्या ओळींच्या टोकाला अर्थिंगच्या सळया मारल्या तर बाग सुरक्षित होईल का, काका?

अर्थिंगवाले_काका
ओळीच्या दोन्ही टोकांना सळया, शक्यतो मुरमाच्या खाली ओल लागेपर्यंत, आणि तारांना जोडून. नुकसान कमी होईल, पण आत माणूस थांबवण्याइतकी सुरक्षितता त्यातून मिळत नाही. मुरूम कोरडा असेल तर एका सळईचा रोध इतका येतो की ती असून नसल्यासारखी. तुमच्या बागेतली जमीन किती खोल आहे ते आधी सांगा.

नान्नजचा_बागवाला
दोन फूट काळी, खाली कठीण मुरूम.

अर्थिंगवाले_काका
मग सळईपेक्षा ओळीच्या कडेनं उथळ चर खणून पट्टी गाडणं बरं पडेल. फोटो टाका, किती ओळी आहेत ते दिसू दे.